तिखट कमेंटखालचं उत्तर

“ताई, ग्राहकाने पोस्टखाली वाईट कमेंट टाकली की आमचं उत्तर तुम्ही एवढं का बदलता? आम्ही खोटं तर काही लिहीत नाही!”

विक्रेत्यांची ऑनलाइन उत्तरं मी तपासून देते, तेव्हा त्यांच्याकडून हा प्रश्न येतो. खोटं नसतंच. पण ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा दुसरीच माणसं जास्त वाचतात. आज-उद्या ऑर्डर द्यायच्या विचारात असलेली माणसं खाली येऊन बघतात, की उद्या आपलं काही बिनसलं तर हे लोक आपल्याशी कसे बोलतील.

हापूसच्या हंगामातलं उदाहरण घेते. कमेंट अशी: “दोन डझन मागवले. वरून सुंदर, कापले तर सहा आंबे आतून पांढरट, आंबट. फोन उचलत नाहीत. शुद्ध फसवणूक.” त्यावर बागायतदारांचं उत्तर तयार होतं: “साका हा हापूसचा नैसर्गिक दोष आहे, तो बाहेरून दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तुमची पेटी १२ तारखेला कोथरूडला पोचली आणि तक्रार आज करताय. फोन तुम्ही रात्री साडेदहाला केलात. आमचे बाकी ग्राहक समाधानी आहेत.”

यातली तारीख, कोथरूड आणि फोनची वेळ मी आधी काढते. ती माहिती ग्राहकाने आपल्याला ऑर्डरसाठी दिलेली असते, चारचौघांत मांडायला नाही. वाचणाऱ्याला तेवढंच कळतं, की इथे तक्रार केली तर आपलाही हिशेब असाच चव्हाट्यावर येईल. “बाकी ग्राहक समाधानी” हेही जातं, कारण ज्याचे सहा आंबे वाया गेले त्याला त्याचा काही उपयोग नाही. आणि “फसवणूक” हा शब्द उत्तरात येऊच द्यायचा नाही, “आम्ही फसवणूक करत नाही” असा नाकारण्यापुरतासुद्धा. नाकारताना तो शब्द आपल्याच नावाने दुसऱ्यांदा छापला जातो.

साक्याची माहिती मात्र मी ठेवते, फक्त जागा बदलते. पहिल्या ओळीत ती सबब वाटते. ग्राहकासाठी काय करणार हे सांगून झाल्यावर तीच ओळ आली, तर लोक माहिती म्हणून वाचतात.

माफी कशाची मागायची, यावर सगळ्यात जास्त वेळ जातो. फळ खराब निघालं आणि फोन लागला नाही, एवढ्याची माफी लगेच मागता येते. कारण मात्र फोटो पाहिल्याशिवाय कबूल करू नये. साक्यात साल चांगली असते आणि आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो. हा दोष फळ झाडावर असतानाच तयार होतो. देठकूज असेल तर देठाकडून काळपट डाग पसरत जातो, आणि तो बाहेरून दिसतो. दोन्हींत काय भरपाई द्यायची, हे बागायतदारांना आधी विचारून ठेवावं लागतं, कारण जाहीर लिहिलेला शब्द पुढचा प्रत्येक ग्राहक दाखवणार.

मग उत्तर असं होतं:

“नमस्कार. आंबे आतून खराब निघाले आणि फोनवरही आम्ही भेटलो नाही, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. कापलेल्या फळांचे फोटो आणि ऑर्डर क्रमांक कृपया आमच्या पेजला मेसेजमध्ये पाठवा. फोन नंबर किंवा पत्ता इथे लिहू नका. फोटो पाहून उद्या दुपारी दोनपर्यंत आम्ही तुम्हाला कळवतो. वर्णनावरून हा साका असू शकतो. तो फळ कापल्याशिवाय कळत नाही, पण साका निघालेलं फळ आम्ही बदलून देतो.”

नंबर लिहू नका, ही ओळ कुणी कापली तर मी परत घालते. तक्रारींखालचे नंबर उचलून “कस्टमर केअरमधून बोलतोय, रिफंड देतो” म्हणत ओटीपी काढून घेणारे भामटे टपून असतात. आणि “लवकरच” ऐवजी दुपारी दोन लिहायचं, पण दोनच्या आधी मेसेज कोण करणार, हे ठरलेलं असेल तरच.

कमेंट लपवावी का, असंही विचारतात. फेसबुकवर लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. खोडली तर त्याला कळतं, आणि मग स्क्रीनशॉट फिरतो. शिवीगाळ किंवा कुणाचा नंबर असेल तर जरूर लपवावी, नुसती नाराजी असेल तर राहू द्यावी.

एवढं करूनही ग्राहक चिडलेलाच राहिला, तर मी जाहीर उत्तरं दोनवर थांबवते. पुढचं बोलणं मेसेजमध्ये किंवा फोनवर. प्रश्न सुटला, की त्याच कमेंटखाली एक ओळ टाकायची: “आज बोलणं झालं, बदली फळं पाठवली आहेत.” कमेंट काढून टाका, अशी विनंती ग्राहकाला करायची नाही. ती तक्रार आणि तिच्याखालची ही ओळ, दोन्ही पुढच्या ग्राहकाला दिसू द्यायची.