बोर्ड गेलं नव्हतं: मामांच्या दुकानातला बंद पडलेला कॉम्प्युटर

अमळनेरला मामांचं कृषी केंद्र आहे. मे संपता संपता कपाशीच्या बियाण्याला झुंबड उडते आणि नेमक्या त्याच आठवड्यात बिलाचा कॉम्प्युटर मेला. मेला म्हणजे पूर्ण. बटण दाबलं की ना पंखा, ना बीप, ना एखादा दिवा. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, "बोर्ड गेलं, नवीन टाका." बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, आणि इतक्या जुन्या मशीनचं ते नवीन मिळत नाही. बोर्ड बदलायचं म्हटलं की प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते, म्हणून मी म्हटलं, आधी भिंतीपासून एकेक जागा तपासू.

पहिली जागा सॉकेट. टेस्टर पेटला, पण त्याने फक्त फेज असल्याचं कळतं. न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर तितकाच छान पेटतो. म्हणून मल्टिमीटर एसीवर ठेवून फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजलं. २२६ व्होल्ट आले, म्हणजे भिंत ठीक. मीटर नसेल तर होल्डरला वायर लावून साधा बल्ब पेटवून बघावा, तेवढ्याने काम भागतं. मग मधला यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला काढून कॉम्प्युटर थेट भिंतीत लावला. तरी काही नाही. मॉनिटर चालू होता आणि त्याची वायर तशाच तीन पिनांची होती, म्हणून तीच काढून सीपीयूला लावली. त्यानेही फरक पडला नाही. कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस. त्याच्या मागचं छोटं बटण I कडेच, म्हणजे चालू होतं. वायर काढून पुढचं बटण वीसेक सेकंद दाबून धरलं. एसएमपीएसचं संरक्षण अडकून बसलं असेल तर साठलेली वीज उतरल्यावर कधीकधी ते मोकळं होतं. इथे तसं झालं नाही.

आता कॅबिनेटचं झाकण काढलं. धूळ भरपूर होती, पण जळका वास नव्हता. माझी नजर बोर्डाच्या कोपऱ्यातल्या छोट्या दिव्यावर होती. बऱ्याच बोर्डांवर तो असतो आणि भिंतीचं बटण चालू असेपर्यंत, कॉम्प्युटर बंद असतानाही, तो पेटलेला राहतो. इथे तो विझलेला होता.

हा विझलेला दिवा बरंच काही सांगतो. कॉम्प्युटरचं पुढचं बटण घरातल्या लाइटच्या बटणासारखं वीज जोडत-तोडत नाही. ते बोर्डाला फक्त इशारा देतं. बोर्ड मग एसएमपीएसच्या हिरव्या वायरला जमिनीशी, म्हणजे काळ्या वायरशी जोडतं आणि तेव्हा कुठे मुख्य वीज सुरू होते. पण हे करायला बोर्ड आधी थोडं जागं असावं लागतं. त्यासाठी एसएमपीएस जांभळ्या वायरवरून ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा कायम देत असतो. दिवा पेटलेला असता, तर पॅनेलच्या बटणाची वायर काढून त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरने क्षणभर टेकवून बघितल्या असत्या, कारण दोष बटणाचाही असू शकतो. दिवाच नाही म्हटल्यावर बटणाकडे जाण्यात अर्थ नव्हता.

दुरुस्तीवाल्याने "बोर्ड गेलं" म्हणण्यामागे एक चाचणी होती. ती त्याने मामांकडून फोनवर करून घेतली होती. चोवीस पिनांचा जाड कनेक्टर बोर्डातून काढायचा आणि हिरव्या-काळ्या वायरची भोकं तारेच्या तुकड्याने जोडायची. पंखा फिरला तर एसएमपीएस चांगला. मीही करून बघितलं, पंखा खरंच फिरला. पण या चाचणीवर निकाल देणं मला मुळीच पटत नाही. पंख्याला लागते ती वीज नगण्य. भार आल्यावर एसएमपीएस टिकतो का, हे त्यातून कळतच नाही.

म्हणून मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवला, काळी काडी काळ्या वायरला लावली आणि लाल काडी कनेक्टरच्या मागून जांभळ्या वायरशेजारी आत सरकवली. कनेक्टर मोकळा असताना ५.०८ व्होल्ट आले. तो बोर्डात बसवला आणि पुन्हा बघितलं तर आकडा २.७ च्या आसपास थरथरत होता. ५ व्होल्टच्या या लाइनला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४.७५ च्या खाली उतरायला नको.

मामा काउंटरवरून ओरडले, "व्हयना का रे भो चालू?" मी म्हटलं, "नाही मामा, पण चोर दोघांपैकीच एक आहे."

एक तर बोर्डात कुठेतरी शॉर्ट असेल आणि ते वीज ओढून घेत असेल, नाहीतर एसएमपीएसमध्येच दम नसेल. पुढच्या यूएसबी पोर्टच्या वाकलेल्या पिनाही असा शॉर्ट करतात, म्हणून पॅनेलच्या सगळ्या केबली, हार्ड डिस्क, माऊस, कीबोर्ड काढले. आकडा तिथेच. मग भिंतीची वायर काढून, बोर्डाच्या सॉकेटमधल्या जांभळ्याच्या जागेपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत ओहम मोजले. आकडा हळूहळू चढत काहीशे ओहमवर गेला. सरळ शॉर्ट असता तर तो शून्याला चिकटून बसला असता. बोर्डातला प्रत्येक दोष या मोजणीत सापडत नाही, म्हणून दुसऱ्या संशयितालाही तपासणं भाग होतं.

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून १० ओहम, १० वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर आणला. बोर्ड बाजूला ठेवून तो जांभळ्या आणि काळ्या वायरमध्ये लावला. ५ व्होल्टला त्यातून अर्धा अँपिअर जातो. एसएमपीएसच्या लेबलवर याच लाइनसाठी २ अँपिअर लिहिलं होतं, म्हणजे हा जेमतेम पाव भार. मीटरवर ३.१ आले. बोर्ड जोडलेलंच नसताना व्होल्टेज पडतंय म्हटल्यावर बोर्ड सुटलं. (रेझिस्टर चांगला तापतो. हातात धरू नये, मोजून लगेच काढावा.)

जाळीतून टॉर्च मारला तर आतल्या एका छोट्या कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं आणि कडेला तपकिरी डाग दिसला. एसएमपीएस मात्र मी उघडला नाही आणि कुणी उघडूही नये. त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असते आणि वायर काढल्यावरही ती काही काळ टिकू शकते.

हे दुकानातच का व्हावं, तेही उन्हाळ्यात, याचं कारण मला तरी स्पष्ट दिसतं. ही जांभळी लाइन कॉम्प्युटर बंद असला तरी, भिंतीचं बटण चालू आहे तोवर चोवीस तास राबते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यात पत्र्याच्या छपराखाली, काउंटरच्या पोटात, हवा नाही. या कॅपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला अंदाज आहे.

जळगावहून नवीन एसएमपीएस मागवला. चोवीस पिनांचा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा चार पिनांचा, दोन्ही बसवले. हा दुसरा विसरला तर पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच येत नाही. भिंतीचं बटण दाबताच कोपऱ्यातला दिवा हिरवा झाला. जांभळी वायर बोर्ड जोडलेलं असताना ५.०३. मग पुढचं बटण दाबलं आणि विंडोज उठलं.

तारीख मात्र कित्येक वर्षं मागची दाखवत होती. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल मोजला तर २.४ व्होल्ट, नव्यात ३ असतात. मामा आता रात्री भिंतीचं बटण बंद करणार, म्हणजे घड्याळ याच सेलवर चालणार आणि बिलावर चुकीची तारीख पडणार. सीआर २०३२ समोरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. तो टाकला, तारीख लावली आणि तोवर काउंटरवर थांबलेल्या शेतकऱ्यांची बिलं निघायला लागली.