बाबांचं सिरोसिस, आम्ही बंद केलेली डाळ आणि रात्री साडेदहाची दूध-भाकरी

बाबांना सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होत चाललंय, हे कळलं तेव्हा पोटात पाणी झालेलं होतं, आणि ॲडमिट असताना दुसऱ्याच रात्री ते बरळायला लागले, मला ओळखेनात, सलाईनची नळी ओढायला लागले. प्रोटीन मोडताना तयार होणारा रक्तातला अमोनिया मेंदूवर जातो त्याने असं होतं असं तिथे सांगितलं. चार दिवसांत उतार पडला, आम्ही घरी आलो, आणि डिस्चार्जच्या वेळी कुणीतरी घाईघाईत सांगितलं की प्रोटीन कमी द्या. बस, तेवढं वाक्य आमच्या घराने धरून ठेवलं. अंडी बंद, डाळ बंद, पनीर तर नावच नको, वरणाचं वरचं पाणी तेवढं भातावर. मावशी रोज फोन करून विचारायची, डाळ दिली नाही ना गं? सोबत दुधी, पडवळ, पेज, मारी बिस्किटं. लिव्हरला आराम मिळतोय असं आम्हाला खरंच वाटत होतं.

तीन महिने असे गेले. वजन काट्यावर ६६-६७ च होतं म्हणून आम्ही निश्चिंत, पण एकदा बाबा अंघोळीहून बनियनवर बाहेर आले आणि मी बघतच राहिले, पोट पुढे आणि दंड माझ्या मनगटाएवढे, कानशिलाला खड्डे, खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांनी रेटा द्यायला लागायचा. काटा खोटं बोलत नव्हता, पण तो पाणीसुद्धा मोजत होता, तेवढं आमच्या लक्षात आलं नाही.

मग लिव्हरच्याच डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी डायटीशियन ताईंकडे पाठवलं. ताईंनी आधी आईकडून आदल्या दिवसाचं सगळं खाणं वदवून घेतलं आणि समोर बेरीज करून दाखवली, प्रोटीन ३० ग्रॅमच्या आत. मग म्हणाल्या पाण्याचं वजन वजा करायचं, पोटात मध्यम पाणी असेल तर साधारण १० टक्के, म्हणजे बाबांचं खरं वजन ६० धरू. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे रोज ७२ ते ९०, आणि किलोमागे निदान ३५ कॅलरी, म्हणजे २१०० च्या आसपास. आई म्हणाली, "अहो पण प्रोटीनने तर ते बेशुद्ध होतात ना?"

ताईंचं उत्तर मला अजून तसंच्या तसं आठवतं. अमोनिया साफ करायचं मुख्य काम लिव्हरचं, पण ते थकलं की त्यातला बराच भार स्नायू उचलतात, ते अमोनिया शोषून त्याचं ग्लुटामिन करतात. खायला प्रोटीन दिलं नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, म्हणजे अमोनिया तर तयार होतोच वर तो उचलणारा हमालही तुम्ही घालवता. पूर्वी डॉक्टरच प्रोटीन तोडायचे, पुस्तकातच तसं होतं, पण २००४ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी असेच गुंगीत गेलेले पेशंट दोन गटांत वाटून बघितले, ज्यांना नेहमीएवढं प्रोटीन दिलं त्यांची गुंगी काही जास्त झाली नाही, आणि ज्यांचं तोडलं त्यांच्या शरीरातलं प्रोटीन मात्र जास्त मोडलं. मटणापेक्षा डाळी, दूध, दही जास्त मानवतात एवढं मात्र खरं, त्यामुळे मटण आम्ही टाळलं, पण अंडी चालू झाली.

आता रात्रीचं. हे मला सगळ्यात नवीन होतं. आपलं लिव्हर रात्रीसाठी साखरेचा साठा करून ठेवतं, सिरोसिसमध्ये तो साठाच तोकडा असतो, त्यामुळे झोपेच्या एका रात्रीत त्यांच्या शरीराची जी अवस्था होते ती धडधाकट माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासाने होते, आणि साठा संपला की साखर बनवायला स्नायूच मोडले जातात. बाबा साडेसातला जेवायचे आणि सकाळी चहाबिस्किट सोडलं तर थेट साडेनऊला नाश्ता, म्हणजे १४ तास! दिवसभर कितीही ओता, रात्री गळतीच. त्यावर उपाय म्हणजे झोपायच्या आधी साधारण ५० ग्रॅम कार्बोहायड्रेट आणि थोडं प्रोटीन, आणि त्यासाठी दिवसाचं जेवण तोडायचं नाही, एकूण खाणंच वेळेने पसरवायचं. बाजारातली पावडर परवडत असेल तर घ्या म्हणाल्या, नाहीतर घरातलं चालतं.

आईने लगेच विचारलं, दूध-भाकरी चालेल? बाबांच्या लहानपणीचं जेवणच ते. ताईंनी हिशोब केला, ज्वारीची एक भाकरी साधारण ६० ग्रॅम पिठाची आणि पाऊण कप दूध, कार्बोहायड्रेट बरोब्बर ५० च्या घरात, प्रोटीन १०-११ ग्रॅम, कॅलरी ३०० च्या आसपास, आणि भाकरीत मीठ नाही. पोटात पाणी असल्यामुळे दिवसाला मीठ ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर, त्यामुळे पापड, लोणचं, फरसाण कधीच सुटलं होतं.

पहिले आठ दिवस कटकट होती. पोटातल्या पाण्यामुळे दोन घास खाल्ले की पोट भरतं, त्यामुळे बाबा चिडायचे, तुम्ही मला कोंबताय म्हणून. मग जेवण लहान केलं, जागेपणी तीन-चार तासांच्या वर गॅप नाही, साडेसातला उठल्या उठल्या दूध, अकराला मूठभर फुटाणे, दुपारी घट्ट वरण, नुसतं वरचं पाणी नाही. एकादशी बंद केली, त्यावर बाबा दोन दिवस बोलले नाहीत, पण उपासाच्या साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच आणि वर मीठ. शुगरचंही टेन्शन होतं कारण त्यांना डायबेटीस आहे, तर डॉक्टरांनी सकाळची उपाशीपोटीची शुगर दोन आठवडे लिहून आणायला सांगितली आणि त्याप्रमाणे औषध बदललं. दूध-भाकरीत साखर नाही, गूळ नाही.

दुसऱ्या महिन्यात घाबरायची वेळ आली. नात्यातलं लग्न होतं, परत आल्यावर बाबा दिवसा झोपायला लागले आणि रात्री टक्क जागे, पेपरातलं कोडं सोडवताना अक्षर वेडंवाकडं, मी हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगितले तर फडफडत होते. मावशी म्हणाली, बघ, अंडी! मी डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, संडासला कधी झालं? तीन दिवस झालं नव्हतं. पोट साफ करून अमोनिया बाहेर काढणारं लॅक्टुलोजचं सिरप रोज घ्यायचं असतं, पण प्रवासात लाज वाटते म्हणून बाबांनी ते घेतलंच नव्हतं. त्यांनी लगेच आणायला सांगितलं, इन्फेक्शन, रक्तस्राव, पोटॅशियम, झोपेची गोळी सगळं तपासलं, काही निघालं नाही, सिरप वाढवून दिवसाला दोन-तीन मऊ संडास होतील असं बसवलं आणि दुसऱ्या दिवशी अक्षर सरळ. प्रोटीन त्यांनी एक ग्रॅमही कमी केलं नाही.

काट्यावर भरवसा नाही म्हणून आता आम्ही खुर्चीने मोजतो. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते. सुरुवातीला हात न लावता एकदाही जमत नव्हतं, चार महिन्यांनी सात झाले. पाणी अजून पूर्ण गेलेलं नाही, गोळ्या चालूच आहेत, लिव्हर काही भाकरीने नवं होत नाही. रात्री साडेदहाला माझा फोन आईच्या मोबाईलवर वाजतो, मागून बाबांचा आवाज येतो, "कुस्करतोय गं, कुस्करतोय."