आत्याच्या टाचेवरचा तीळ आणि डॉक्टरांना लिहिलेला ईमेल

ब्रिस्बेनमध्ये तिळाकडे कुणी सहज बघत नाही. ऑस्ट्रेलियाचं हे क्वीन्सलँड राज्य मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कर्करोग, जगात सर्वाधिक आढळणाऱ्या भागांत मोडतं. इथले फॅमिली डॉक्टर अंगावरचे तीळ नेमाने तपासतात. पण इथल्या गोऱ्या लोकांना तो उन्हामुळे होतो, पाठीवर आणि पायांवर दिसतो. आपल्याकडे तो मुळात कमी, आणि होतो तेव्हा बहुतेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. म्हणूनच तो नजरेतून सुटतो.

खानापूर तालुक्यात माझी आत्या राहते. भातशेतीत अनवाणी वावरलेले पाय. डाव्या टाचेवर बरीच वर्षं एक लहान तपकिरी डाग होता, तो दिवाळीपासून वाढायला लागला. घरात कुणी म्हणालं काटा मोडलाय, कुणी म्हणालं कुरूप आहे, बिब्बा लाव. वहिनीने व्हिडिओ कॉलवर टाच दाखवली तेव्हा मी पहिल्यांदा एवढंच सांगितलं की बिब्बा, चुना, कुरुपाची पट्टी, काही म्हणजे काही लावायचं नाही. त्याने वरची कातडी भाजते, जखम होते आणि मग डॉक्टरांनाही खरा डाग दिसत नाही. लेझरने किंवा जाळून काढणंही नको, कारण तपासायला तुकडाच उरत नाही.

दादाने बेळगावात एका त्वचारोगतज्ज्ञांकडे फोन केला. 'तीळ दाखवायचाय' म्हटल्यावर महिन्यानंतरची तारीख मिळाली. पिंपल्स आणि केसगळतीच्या रांगेत तीळही बसला. म्हणून मी डॉक्टरांनाच ईमेल लिहिला:

विषय: डाव्या टाचेवरचा बदलणारा डाग, लवकर अपॉइंटमेंटची विनंती

आदरणीय डॉक्टर,
माझी आत्या, वय ६२, खानापूर तालुका. डाव्या टाचेवरचा जुना डाग दिवाळीपासून वाढतो आहे. आज रुंदी ९ मिलिमीटर. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला फिकट तपकिरी, कडा वेडीवाकडी. गेल्या पंधरवड्यात चपलेवर दोनदा रक्त दिसलं. मार लागल्याचं आठवत नाही. डागावर काही लावलेलं नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करणारं औषध नाही. फोटो जोडले आहेत. या आठवड्यात कधीही येऊ शकतो. आपल्याकडे वेळ नसल्यास कुणाकडे जावं ते कृपया कळवावं. खाली त्यांच्या मुलाचा नंबर देत आहे.

यात आजाराचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही, निदान करणं डॉक्टरांचं काम. पण 'बदलणारा' हा शब्द विषयातच हवा, कारण डॉक्टर सगळ्यात आधी बदलच विचारतात: कधीपासून, किती, रक्त येतं का. फोटोंसाठी वहिनीला पाय साबणाने धुवायला सांगितला, हळदीचा किंवा तेलाचा अंश राहिला तर रंग फसवतो. मग दिवसाच्या उजेडात एक फोटो अख्ख्या तळपायाचा, एक जवळून, शेजारी शाळेची पट्टी ठेवून. ९ मिलिमीटर हा आकडा त्या पट्टीवरूनच मिळाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला आणि त्याच आठवड्यात बोलावलं. डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे उजेड असलेलं भिंग, टाचेवर टेकवलं. तळपायाच्या कातडीवर शेतासारख्याच सरी आणि वरंबे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत उतरतो, मेलानोमाचा रंग वरंब्यावर पट्टे धरतो. आत्याचा वरंब्यावर होता. पण भिंगाने फक्त संशय पक्का होतो, निकाल बायोप्सीचाच.

आत्या तिथेच अडली. 'सुरी लागली की पसरतं म्हणतात.' डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावलं, 'आजी, तुकडा काढल्याने हा आजार पसरत नाही. तो किती खोल गेलाय हे कळल्याशिवाय मला पुढचं काही ठरवता येणार नाही.' जागा बधिर करून सगळा डाग काढून तपासायला पाठवला.

रिपोर्टमध्ये मेलानोमाच निघाला, पण तो त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातच होता, खाली उतरलेला नव्हता. या टप्प्यावर आजूबाजूची थोडी निरोगी कातडी धरून जागा पुन्हा कापतात आणि बहुतेकदा तेवढेच उपचार पुरतात. खोली मिलिमीटरमध्ये मोजण्याइतकी वाढली असती, तर जांघेतल्या गाठींचीही तपासणी लागली असती. आत्याची दुसरी शस्त्रक्रिया झाली आहे. टाचेवरची जखम भरायला वेळ लागतोय, मधुमेहामुळे जास्तच. तोवर वहिनी तिला शेतात पाऊल टाकू देत नाही, आणि दुसऱ्या पायाचा तळवा व सगळी नखं तीच बघते.