एकाच झाडाच्या दोन फांद्या

सप्टेंबरात कपाशीचं फूल साडेनऊ-दहाच्या सुमारास पूर्ण उमलतं. त्या वेळी आमच्या संकर प्रक्षेत्रातल्या एका झाडाजवळून मावशींनी हाक मारली, "ताई, इकडे या. ह्या फांदीच्या फुलानं बोट पिवळं झालं." मी धावतच गेले, कारण त्या झाडाच्या फुलात पराग असणं शक्यच नव्हतं.

अमेरिकन कपाशी आई आणि देशी कपाशी बाप अशा संकरातलं ते झाड होतं. रस शोषणाऱ्या किडींना आणि पाण्याच्या ताणाला तोंड देण्याची देशीची ताकद अमेरिकन वाणात आणायची, एवढ्यासाठी तो संकर. अमेरिकनची गुणसूत्रं ५२, देशीची २६. दोघांकडून निम्मी आली की संकरात भरतात ३९. असं झाड मिळवणंच अवघड असतं, कारण बोंडातला गर्भ वाढता वाढता मरतो आणि बोंड गळून जातं. पण एकदा जगलं की ते दोन्ही पालकांपेक्षा जोमदार वाढतं. पाती भरपूर, फुलंही भरपूर. परागकोश मात्र फिकट, सुरकुतलेले, न फुटणारे. फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि चार-पाच दिवसांत खाली पडलेलं दिसतं. खताची किंवा बोरॉनची कमतरता समजून फवारण्या करणारे मी पाहिले आहेत. त्यांचा काही उपयोग नाही.

अडचण आहे ती वाटणीची. अमेरिकन कपाशीत मुळात दोन वेगळ्या घराण्यांचे संच आहेत. ए संच देशीच्या जवळचा, त्याची गुणसूत्रं मोठी. डी संच अमेरिका खंडातल्या रानकपाशीचा, त्याची लहान. संकरात ए चे दोन संच येतात, एक आईकडून, एक बापाकडून. ते बहुतेक आपसांत जोड्या लावतात. डी ची १३ गुणसूत्रं एकटी उरतात. परागकण तयार होताना प्रत्येक एकटं गुणसूत्र या टोकाला जाईल की त्या, याला काही नियम नाही. एखाद्या पेशीत तेराच्या तेरा येण्याची शक्यता ८१९२ त एक, आणि एकही न येण्याची तेवढीच. म्हणजे ४०९६ पेशींत एखादीच व्यवस्थित. बाकी सगळ्या अर्धवट संचांच्या, आणि अशा पेशीचा परागकण सहसा पोकळ निघतो. प्रत्यक्षात काही एकटी गुणसूत्रं वाटेतच मागे राहून नष्ट होतात, म्हणून परिस्थिती या हिशेबापेक्षाही वाईट असते.

जुलैत आम्ही याच झाडाच्या काही कोवळ्या शेंड्यांना कोल्चिसीन दिलं होतं. ०.१ टक्के द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा शेंड्यावर ठेवायचा आणि तीन दिवस तो वाळू द्यायचा नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण ते विषारी आहे. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारे धागे कोल्चिसीन बनू देत नाही. गुणसूत्रं दुप्पट होतात, पेशी मात्र एकच राहते. ३९ ची ७८ होतात ती अशी. पण हे फक्त त्या क्षणी विभागत असलेल्या पेशींतच घडतं. शेजारच्या न बदललेल्या पेशी झपाट्यानं वाढून त्यांना मागे टाकतात, म्हणून बहुतेक शेंडे काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात.

ही एक फांदी टिकली होती. पानं जाड, गडद. दोन फांद्यांचा पराग वेगवेगळ्या काचपट्ट्यांवर घेऊन, भरलेल्या परागकणांना लाल रंगवणाऱ्या असिटोकार्माईनचा थेंब टाकला. शेजारच्या फांदीच्या कोशात टोचून काढलेले कण लहानमोठे, चुरगळलेले, रंग न घेणारे. या फांदीचे कण गोल, काटेरी, आणि बरेचसे लालभडक. झाड एक, मूळ एक, जनुकंही तीच. बदलली होती फक्त प्रत्येक गुणसूत्राच्या जोडीदाराची सोय.

"बरेचसे" म्हटलं, सगळे नाही. डी ला आता जोडीदार मिळाला, पण ए ची चार-चार सारखी गुणसूत्रं झाली. चार सारखी एकत्र आली की कधी दोन-दोनच्या नीट जोड्या लागतात, कधी चौघांची गुंतागुंत होते आणि वाटणी तीन-एक अशी बिघडते. नुसत्या देशीची गुणसूत्रं दुप्पट केली तरी हेच होतं. आकडा अमेरिकनइतकाच, ५२, पण सगळी ए. पानं-फुलं मोठी होतात, बोंडात सरकी मात्र कमी भरते. अमेरिकनमध्ये ए चा जोडीदार ए आणि डी चा डी, २६ स्वच्छ जोड्या. म्हणून ती शेतभर बोंडं धरते. नुसतं चतुर्गुणित, म्हणजे चार संचांचं, असणं पुरेसं नाही, जोडी कुणाशी लागते ते महत्त्वाचं.

दुसऱ्या संकरांसाठी आदल्या संध्याकाळी पुंकेसर काढून नळीनं झाकलेल्या अमेरिकन कळ्या तयारच होत्या. दुपार होण्याआधी त्यांतल्या काहींवर हा पराग लावला. त्यातून ६५ गुणसूत्रांची झाडं यायची. पुन्हा पुन्हा अमेरिकनशी संकर करत ती ५२ वर आणायची. तीही सुरुवातीला कमीच बोंडं धरतात, म्हणून फुलं जास्त लावावी लागतात. संध्याकाळी मावशींनी त्या फांदीला लाल दोरा बांधला. तिच्याखाली फुटलेले ३९ चे फुटवे मी छाटून टाकले. ते ठेवले असते तर त्यांनी महिन्याभरात तिला दाबून टाकलं असतं.