तुम्ही विचारलंत म्हणून: ४० हजार आणि संध्याकाळचे तीन तास

"दादा, माझ्याकडे ४० हजार आहेत, हाताला चव आहे. घरातून एखादा धंदा सुरू करून द्याल का?"

पैशाआधी मी वेळ विचारतो. गोव्यातल्या साखळी गावच्या एका ताईंनाही तोच विचारला होता. दिवसभर नोकरी, संध्याकाळचे तीन तास आणि रविवार मोकळा. परसात भिरंडीची, म्हणजे कोकमाची, चार झाडं, शेजाऱ्यांकडेही भरपूर. त्यांना सोलं करायची होती. मी नको म्हटलं. सोलं म्हणजे वाळवलेली कोकमं; त्यासाठी फळाच्या साली रसात बुडवून उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, असे कित्येक दिवस. मे महिन्यात दुपारी आभाळ भरून आलं की उचलायला घरात माणूस हवं, आणि त्यांच्या घरी दिवसा कुणीच नसायचं.

आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. त्याला ऊन लागत नाही, म्हणून आगळ ठरवलं. संध्याकाळी भिरंडं धुऊन, पुसून फोडायची, बिया आणि गर वेगळा करायचा. दहा किलो सालीला दीड-दोन किलो मीठ लावून बरणीत थर द्यायचे. मीठ रस ओढून घेतं. रोज रात्री कोरड्या लाकडी डावाने वरखाली करायचं, आठवड्याभराने गाळायचं. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं घ्यावं. आंबट, खारट रस अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड खातो. पहिल्या वर्षी ताईंनी एका बरणीत मीठ हात राखून घातलं. चौथ्या दिवशी वर पांढरी साय धरली आणि झाकण उघडताच फसफसलं. ती बरणी मी ओतून द्यायला लावली. त्यांना फार लागलं, पण तेच आगळ बाटलीत भरलं असतं तर गिऱ्हाईक कायमचं गेलं असतं. बिया मात्र फेकल्या नाहीत. त्या सुकवून ठेवल्या, भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल काढणारे त्या घेतात.

आता ४० हजारांचं. या धंद्यात खर्च सगळा एप्रिल-मे मध्ये होतो आणि पैसे वर्षभर थोडे थोडे परत येतात. म्हणून पहिल्या हंगामात १८ हजारांवर जाऊ नका, असं मी ताईंना सांगितलं. फळं, मीठ, बरण्या, बाटल्या, लेबलं आणि घरगुती खाद्यपदार्थांची एफएसएसएआय नोंदणी एवढ्यात बसली. बाकीचे पैसे तसेच ठेवले. ऑगस्टमध्ये माल पडून होता, विक्री मंदावली होती. तेव्हा घरखर्चाला हात न लावता त्या थांबू शकल्या ते याच पैशांमुळे.

विक्रीला त्यांनी आधी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार धरला होता. शुक्रवारी त्यांना सुट्टी नाही. मग रविवारी ओळखीच्या दोन दुकानांत बाटल्या ठेवायला सुरुवात केली. तिथे पैसे माल विकल्यावर मिळतात, म्हणून एका वेळी दहाच बाटल्या द्यायच्या.

तुमचा हाताला चव असल्याचा मुद्दा मी मुद्दामच शेवटी ठेवला. आगळात चवीपेक्षा मिठाचा तराजू महत्त्वाचा. तुम्हाला सकाळी किती वाजता घर सोडावं लागतं, ते आधी कळवा.