माय फादर इज इन सर्व्हिस

परवा दुपारी माळ्यावरची ट्रंक उपसताना आठवीची रफ वही सापडली, आणि तिच्या मागच्या पानावर माझं पहिलं पेनफ्रेंडचं पत्र, म्हणजे त्याचा कच्चा खर्डा. तुर्कूला, फिनलंडमधे, एक इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस होती, फॉर्ममधे वय, आवडी आणि कुठला देश पाहिजे ते भरून फी पाठवली की परदेशातल्या आपल्याच वयाच्या मुलामुलीचं नाव-पत्ता यायचा (1952 पासून चालू होती, 2008 ला बंद झाली, ईमेलमुळे दुसरं काय). मला फिनलंडचीच मुलगी मिळाली.

खर्डा अशासाठी की एरोग्राममधे खाडाखोड करायची सोय नाही. तो निळा पातळ कागद, तोच पत्र आणि तोच घड्या घालून पाकीट, लिहायला जागा इनमीन दीड पान. आत काही घालायची बंदी, मी पिंपळाचं जाळीदार पान घालणार होते तर पोस्टातल्या काकांनी बोटाने चाचपून परत काढायला लावलं.

तर पत्राची सुरुवात. 'डिअर फ्रेंड, नमस्ते. आय ॲम फाइन हिअर अँड होप यू आर ऑल्सो फाइन देअर.' म्हणजे आजीचं 'आम्ही इकडे खुशाल, तुमची खुशाली कळवावी', फक्त फ्रॉक घालून. मग नाव, शाळेच्या कॅटलॉगात असतं तसं, आडनाव आधी, मग मी, मग बाबा. तिचं उत्तर आलं महिन्या-सव्वा महिन्याने, 'डिअर देशमुख'. हेडसरांनी ऑफिसात बोलावल्यासारखं वाटलं एकदम!

पण खरी गंमत पुढच्या ओळीची. 'माय फादर इज इन सर्व्हिस.' आपल्याकडे कुणीही समजेल, नोकरी करतात, महिन्याला पगार येतो, विषय संपला. तिने विचारलं, ते सैन्यात आहेत का? तिच्याकडे मुलगे मोठे झाले की सक्तीने लष्करात जातात, त्यामुळे सर्व्हिस म्हटल्यावर तिला तेच सुचलं असणार. खाली कंसात आणखी एक प्रश्न, की हॉटेलात वेटर? बाबा तेव्हा झेडपीत क्लार्क. ते आठवडाभर स्वतःशीच हसत होते आणि जेवायला बसले की आईला म्हणायचे, 'वेटर आलाय, ऑर्डर सांगा.'

दुसऱ्या पत्रात मग मी झेडपी म्हणजे काय ते समजावून सांगितलं, अर्धा एरोग्राम त्यातच गेला. त्याचाही खर्डा आहे वहीत, टेबल, फायली, सायकलवरून ऑफिसला जाणं, डब्यात काय असतं ते, सगळं.

आईबद्दल दोन्ही खर्डे मिळून एकच ओळ. माय मदर इज हाउसवाइफ. ही ओळ तिला कळली असावी, कारण तिने काहीच विचारलं नाही, आणि मग मीपण पुढे काही लिहिलं नाही.