मुलीचं लग्न आणि माझा सहा दिवसांचा अर्ज

लेकीचं लग्न 21 फेब्रुवारी 2025 ला, शुक्रवारी ठरलं. मी सरकारी कार्यालयाच्या लेखाशाखेत. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे मार्चअखेरीची चाहूल, देयकांचे गठ्ठे टेबलावर यायला लागतात. तरी मी बिनधास्त अर्ज टाकला: ‘मुलीच्या लग्नानिमित्त 10 ते 25 फेब्रुवारी, अर्जित रजा 16 दिवस.’

दुसऱ्या दिवशी अर्ज परत. साहेब म्हणाले, “मॅडम, लग्न एक दिवसाचं, मग सोळा दिवस कशाला?” रागच आला मला. यांच्या घरी मुलीचं लग्न झालं नसावं! पण रजा हक्क म्हणून मागता येत नाही हे मलाही ठाऊक होतं, आणि मुलांच्या लग्नासाठी आईवडिलांना वेगळी अशी रजा आमच्या नियमांत नाहीच. जे काय ते अर्जित आणि किरकोळ रजेतूनच भागवायचं.

आस्थापनेतल्या भाऊसाहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. “ताई, तयारीचे दिवस वेगळे मांडा, विधींचे वेगळे. तयारीचे दिवस पुढेमागे होतात, विधीचे होत नाहीत. साहेबांना कागदावर तेच बघायचं असतं.”

लिहायला बसले तेव्हा माझी मलाच गंमत वाटली. दहा तारखेपासून मी घरी राहून रोज नेमकं काय करणार होते? बस्ता जानेवारीतच झाला होता. रुखवताचं बहिणीने अंगावर घेतलेलं. कार्यालयवाल्याशी जेवणाचं ठरवणं संध्याकाळी जमण्यासारखं. खऱ्या अर्थाने माझ्यावाचून अडणाऱ्या गोष्टी दोनच निघाल्या. गावाकडच्या भावकीला पत्रिका द्यायला मीच जायला हवं होतं, नाहीतर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं. आणि बँकेतली ठेव मोडून सोनाराचा हिशोब चुकता करायला माझी सही लागणार होती. गावाला शनिवार-रविवार जोडून सोमवार 10 ची एक किरकोळ रजा पुरली, बँकेला गुरुवार 13 ची दुपारनंतरची अर्धी. तयारी दीड दिवसात बसली.

विधींचे चार दिवस: 20 ला ग्रहमख, देवक आणि संध्याकाळी हळद, 21 ला लग्न, 24 ला मुलाकडचा सत्यनारायण, 25 ला मुलगी-जावई माहेरी. मधले 22-23 शनिवार-रविवार अर्जित रजेत मोजले जातात, म्हणून 20 ते 25 मिळून सहा दिवस. अलीकडे 19 ला शिवजयंती, पलीकडे 26 ला महाशिवरात्र. दोन्ही सुट्ट्या रजेच्या आधी आणि नंतर जोडून घ्यायला परवानगी द्यावी, असं अर्जात स्पष्ट लिहिलं. लागोपाठ आठ दिवस मोकळे मिळाले, खात्यातून सहाच गेले. चारही दिवस किरकोळ घेतली असती तर मधले शनिवार-रविवार मोजलेच गेले नसते. पण वर्षाला ती आठच मिळते, आणि सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे होतं.

एका ठिकाणी मात्र फसले. 18 ला मंगळवारी दुपारी घरी पाहुणे उतरणार, म्हणून त्या दिवशीची अर्धी किरकोळ मी तयारीच्या यादीत घातली. भाऊसाहेबांनी लाल पेनाने गोल केला. किरकोळ रजा अर्जित रजेला जोडता येत नाही, आणि मध्ये शिवजयंतीची सुट्टी असली तरी ते जोडणंच झालं, असं त्यांचं म्हणणं. ती ओळ खोडली. त्या दिवशी सव्वासहापर्यंत कार्यालयात बसले, स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला दीर गेले. जाऊबाईंनी पोहे केले, ते माझ्या पोह्यांपेक्षा चांगले झाले होते असं अजून ऐकते.

दुसऱ्या अर्जाचा मजकूर असा होता:

‘तयारीसाठी किरकोळ रजा: 10/2 पूर्ण दिवस (गावी आमंत्रणे), 13/2 दुपारनंतर अर्धा दिवस (बँकेचे काम).
विवाहविधींसाठी अर्जित रजा: 20/2 ते 25/2, सहा दिवस. 19/2 व 26/2 च्या सुट्ट्या जोडून घेण्यास आणि मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी.’

खाली माझं टेबल कोण सांभाळणार ते लिहून त्या सहकाऱ्याची सही घेतली, आणि प्रलंबित देयकांची यादी मागे टाचली. माझ्या मते साहेबांचं मन तिथेच वळलं. सोळाच्या अर्जात मी गेल्यावर काम कोण करणार याचा एक शब्द नव्हता. त्याच दिवशी संध्याकाळी ‘मंजूर’ शेरा आला.

लग्न ठरल्या दिवशी झालं, सत्यनारायणाचं मात्र बदललं. मुलाकडच्या गुरुजींना सोमवारी दुसरं कार्य निघालं, म्हणून पूजा रविवारी 23 लाच उरकली. सोमवारी मोकळी होते. रजा कमी करून कामावर यावं का, असा विचार मनात आला, पण मांडववाल्याचा आणि आचाऱ्याचा हिशोब बाकी होता, तो त्या दिवशी मिटवला.

27 ला सकाळी पावणेदहाला पेढ्यांचा डबा आणि रुजू अहवाल घेऊन गेले. भाऊसाहेबांनी आधी अहवाल घेतला, मग पेढा.